फाईल कुठल्या पट्ट्यात अडकली?

भोसरी एमआयडीसीतला एखादा मध्यम आकाराचा कारखाना डोळ्यांसमोर आणावा. हायड्रॉलिक प्रेसच्या पंपातून तेल गळतंय, आवाजही वाढलाय. फोरमनने नव्या पंपाची मागणी टाकून तीन आठवडे होत आले. तो स्टोअर्समध्ये विचारतो, ‘‘पंपाचं काय झालं?’’ स्टोअर्सवाले सांगतात, ‘‘आमच्याकडून कधीच पुढे गेलं, परचेसला विचारा.’’ परचेसवाले म्हणतात, ‘‘आमचं काम झालंय, फाईल अकाउंट्सला आहे.’’ अकाउंट्समधून उत्तर येतं, ‘‘आम्ही शेरा मारून तुमच्याच खात्याकडे परत पाठवली की!’’ शेवटी फाईल सापडते ती उत्पादन विभागातच, साहेबांच्या टेबलावर, ड्रॉइंगच्या गठ्ठ्याखाली.

यात कुणीच खोटं बोललेलं नाही. प्रत्येकाला आपल्या टेबलापर्यंतचा रस्ता पाठ आहे, पण फाईलचा अख्खा प्रवास एकाच्याही डोळ्यांसमोर नाही. तो एका कागदावर मांडायची जी रीत आहे, तिला स्विमलेन डायग्रॅम म्हणतात. पोहण्याच्या शर्यतीत तलावात दोऱ्या ताणून प्रत्येक स्पर्धकाचा पट्टा वेगळा केलेला असतो, त्यावरून हे नाव पडलं. कागदावर आडवे पट्टे आखायचे, एकेक पट्टा एकेका विभागाला द्यायचा आणि कामाची प्रत्येक पायरी ती करणाऱ्या विभागाच्या पट्ट्यात मांडायची. डावीकडून उजवीकडे काळ पुढे सरकतो. पायऱ्या बाणांनी जोडल्या, की फाईल कोणाकडून कोणाकडे जाते, हे दिसू लागतं.

कामाच्या पायऱ्या चित्रात मांडायची कल्पना जुनी आहे. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकी दांपत्याने १९२१ साली तिथल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे ‘प्रोसेस चार्ट’ची पद्धत मांडली होती. विभागवार पट्ट्यांच्या चित्राचा प्रसार मात्र गिअरी रमलर आणि ॲलन ब्रेच यांच्या १९९० सालच्या पुस्तकामुळे झाला. कंपनीच्या रचनेचा तक्ता पाहिला, तर त्यात विभागांचे चौकोन असतात आणि चौकोनांच्या मधे कोरी जागा असते. कामं बिघडतात ती बहुतेक या कोऱ्या जागेत, एका विभागाकडून दुसऱ्याकडे जाताना, असं त्यांचं सांगणं होतं. खरेदीच्या मंजुरीइतकं याचं चांगलं उदाहरण मिळणं कठीण, कारण एका पंपासाठी पाच विभागांच्या सह्या लागतात आणि त्यातल्या एकाचंही ते मुख्य काम नसतं.

आधी दोन टोकं ठरवायची

चित्र काढायला बसल्यावर पट्टे आखण्याची घाई होते. त्याआधी चित्र कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे लिहून काढावं लागतं. ‘खरेदी’ म्हटलं तर ती गरज जाणवल्यापासून पुरवठादाराचे पैसे चुकते होईपर्यंत चालते. एवढं सगळं एका कागदावर घेतलं, तर पन्नासेक चौकोन होतात आणि ते चित्र कुणी वाचत नाही. ‘खरेदीची मंजुरी’ एवढाच विषय असेल, तर सुरुवात इंडेंट भरण्याने करावी आणि शेवट पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर, पुरवठादाराला पाठवण्याने. माल आल्यावर तपासणी, जीआरएन आणि बिल पास करणं हे दुसरं चित्र.

ही विभागणी नुसती सोयीची नाही, दोन्हीकडचे प्रश्न वेगळे आहेत. मंजुरीत प्रश्न असतो, कोण हो म्हणू शकतं. बिलाच्या वेळी प्रश्न असतो, घड्याळ कधी सुरू झालं. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघुउद्योग असेल, तर २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार त्याचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल, तर मुदत १५ दिवसांचीच. त्या चित्रात ‘माल स्वीकारला’ ही पायरी कुठल्या पट्ट्यात आणि कोणत्या तारखेला पडते, याला कायद्याने महत्त्व आहे. मंजुरीच्या चित्रात ही पायरी येतच नाही.

टोकं ठरली, की पट्टे. पंपाच्या उदाहरणात उत्पादन, स्टोअर्स, परचेस, अकाउंट्स आणि संचालक असे पाच पट्टे पुरतात. पुरवठादार हा कंपनीचा विभाग नव्हे, म्हणून त्याचा पट्टा थोडं अंतर सोडून वेगळा काढतात. पट्ट्यावर माणसाचं नाव घालू नये. आज परचेस सांभाळणारे गृहस्थ उद्या बदलून जातील आणि चित्र त्याच दिवशी जुनं होईल. पट्ट्यांचा क्रम अधिकाराच्या उतरंडीनुसार लावायचा मोह होतो, संचालक सगळ्यात वर. त्यापेक्षा फाईल ज्या क्रमाने पहिल्यांदा पोचते, तो क्रम धरला, तर बाण एकमेकांना कमी कापतात आणि चित्र डोळ्यांना झेपतं.

खुणा तीन-चारच लागतात. सुरुवात आणि शेवट गोलाने दाखवतात, काम चौकोनात, निर्णय चौकटच्या पत्त्यावर असतो तशा तिरप्या चौकोनात, आणि प्रवास बाणाने. बीपीएमएन नावाची खुणांची आंतरराष्ट्रीय भाषा आहे, २०१३मध्ये तिला आयएसओ प्रमाणाचा दर्जाही मिळाला. तिच्यात खुणांचे अनेक बारीक प्रकार आहेत. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला ते लागतात, फोरमनला लागत नाहीत.

पुस्तक बाजूला, फाईल समोर

बहुतेक कंपन्यांत खरेदीची कार्यपद्धती छापील असते, कारण आयएसओच्या ऑडिटला ती दाखवावी लागते. चित्र तिच्यावरून काढलं, तर ते नीटनेटकं होतं, पण त्यात पंप अडकलेला दिसत नाही. म्हणून जाणकार पूर्ण झालेली एखादी खरी फाईल मागवतात आणि तिच्यावरचे शेरे, सह्या आणि तारखा वाचत जातात. त्यानंतर ब्राउन पेपर भिंतीला लावून, प्रत्येक पायरी एका चिकटचिठ्ठीवर लिहून, त्या त्या विभागाच्या माणसाकडूनच ती आपल्या पट्ट्यात लावून घेतात. संगणकावर उतरवायचं ते सगळं ठरल्यावर. पहिल्या तासात चिठ्ठ्या दहा वेळा जागा बदलतात, आणि माऊसपेक्षा हाताने ते लवकर होतं.

पंपाच्या फाईलची गोष्ट समजा अशी आहे. पंपाची किंमत ८५,००० रुपये. कंपनीचा नियम असा, की ५०,००० रुपयांपर्यंतची खरेदी परचेस मॅनेजर मंजूर करू शकतो, त्यावरची संचालकांकडे जाते.

पहिल्या दिवशी फोरमनने इंडेंट भरला, दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी सही केली. तिसऱ्या दिवशी स्टोअर्सने ‘शिल्लक नाही’ असा शेरा मारला. चौथ्या दिवशी परचेसने तीन पुरवठादारांकडे कोटेशन मागितलं, तिसरं कोटेशन यायला अकरावा दिवस उजाडला. बाराव्या दिवशी परचेसने दरांचा तुलनात्मक तक्ता केला आणि ‘तांत्रिकदृष्ट्या कोणता पंप चालेल’ हे विचारायला उत्पादनाकडे पाठवला. तिथून शिफारस सोळाव्या दिवशी परचेसला मिळाली. सतराव्या दिवशी फाईल अकाउंट्सला पोचली आणि अठराव्या दिवशी परत फिरली: ‘बजेट कोड नमूद नाही.’ उत्पादनाने कोड टाकून ती एकविसाव्या दिवशी परत केली. बाविसाव्या दिवशी ती संचालकांच्या केबिनमध्ये गेली, पंचविसाव्या दिवशी सही झाली आणि सव्विसाव्या दिवशी पीओ निघाला.

आता प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात त्या कामाला प्रत्यक्ष किती वेळ लागला, तो लिहायचा. इंडेंट वीस मिनिटं, विभागप्रमुखांची सही पाच, स्टोअर्सची तपासणी दहा. चौकशीची पत्रं एक तास, तुलनात्मक तक्ता दीड तास, तांत्रिक शिफारस अर्धा तास. अकाउंट्सची पंधरा मिनिटं, कोड शोधून लिहायची दहा, संचालकांची पाच आणि पीओ टाइप करायला अर्धा तास. बेरीज होते चार तास पस्तीस मिनिटं. सव्विसातले सातेक दिवस पुरवठादारांच्या कोटेशनची वाट पाहण्यात गेले. राहिलेल्या जवळजवळ एकोणीस दिवसांत कंपनीच्या माणसांनी पंपासाठी पाच तासही काम केलेलं नाही. उरलेला सगळा वेळ फाईल कुठल्या ना कुठल्या ट्रेमध्ये पडून होती.

कोणी कामचुकारपणा केला, असा याचा अर्थ होत नाही. उत्पादनातल्या इंजिनिअरच्या पट्ट्यात पंपाचा तक्ता चार दिवस होता, पण त्याच चार दिवसांत त्याच्याकडे दुसरी मशीनही बंद पडलेली असू शकते. चित्र माणसांना दोष देत नाही, रस्ता दाखवतं.

ओलांडण्या मोजायच्या

चिठ्ठ्या लावून झाल्या, की एक सोपी गोष्ट करायची. लाल पेन घेऊन प्रत्येक बाण जिथे पट्ट्याची रेघ ओलांडतो, तिथे आकडा टाकायचा. पंपाच्या चित्रात उत्पादनाकडून स्टोअर्सकडे ही पहिली ओलांडणी. स्टोअर्सकडून परचेसकडे दुसरी, परचेसकडून उत्पादनाकडे तिसरी, तिथून परत परचेसकडे चौथी. परचेसकडून अकाउंट्सकडे पाचवी, अकाउंट्सकडून उलटी उत्पादनाकडे सहावी, पुन्हा अकाउंट्सकडे सातवी, संचालकांकडे आठवी आणि परचेसकडे परतताना नववी. पुरवठादारांकडची ये-जा यात धरलेली नाही. एकेका ओलांडणीला फाईल नव्या ट्रेमध्ये तळाला जाते आणि आपली पाळी येईपर्यंत थांबते. म्हणून दिवस वाचवायचे असतील, तर चौकोनातलं काम जलद करण्यापेक्षा ओलांडण्या कमी करणं जास्त फळतं.

उलट्या दिशेने जाणारे बाण आधी पाहावेत. अकाउंट्सकडून उत्पादनाकडे गेलेला सहावा बाण असा आहे. बजेट कोड उत्पादनाला पहिल्या दिवशीही माहीत होता, पण इंडेंटच्या छापील फॉर्मवर त्यासाठी रकानाच नव्हता. रकाना घातला, की सहावी आणि सातवी ओलांडणी नाहीशी होते.

त्याच्या मागे एक मोठा प्रश्न दडलेला असतो. बजेट आहे की नाही, हे तीन कोटेशन मागवून, तक्ता करून, शिफारस घेऊन झाल्यावर का तपासायचं? पैसेच नसतील, तर आधीची सगळी मेहनत वाया. म्हणून अकाउंट्सची तपासणी स्टोअर्सच्या लगेच पुढे आणली, तर फाईल स्टोअर्सकडून अकाउंट्सकडे आणि तिथून परचेसकडे जाईल. परचेसवरून उत्पादनाकडे शिफारसीसाठी जाऊन परत येईल, मग संचालक, मग पुन्हा परचेस. एकूण सात ओलांडण्या. पण यात एक अडचण आहे: त्या वेळी खरी किंमत हाती नसते, फक्त अंदाज असतो. म्हणून चित्रात आणखी एक तिरपा चौकोन लागतो, ‘मिळालेला दर अंदाजापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त आहे का?’ जास्त असेल तरच फाईल पुन्हा अकाउंट्सकडे जाईल, नसेल तर थेट पुढे. हे दहा टक्के कोणी ठरवायचे, हा संचालकांचा विषय. चित्र काढता काढता असे न ठरलेले नियम समोर येतात, आणि ते तिथल्या तिथे लिहून ठेवावे लागतात.

चित्र कुठे फसतं

सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे रेघेवर बसवलेला चौकोन. ‘परचेस आणि उत्पादन मिळून पुरवठादार ठरवतात’ असं कोणी म्हणतं आणि चौकोन दोन पट्ट्यांच्या मधे जातो. तो तिथे ठेवला, की उद्या फाईल अडकल्यावर दोघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. खोदून विचारलं, तर बहुधा एक जण निवड करतो आणि दुसरा सल्ला देतो, म्हणजे ही दोन वेगळी कामं आहेत. क्वचित निर्णय खरोखरच एकत्र घेतलेला असतो. केंद्र सरकारच्या २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, म्हणजे जीएफआरमध्ये, ठरावीक रकमेच्या खरेदीसाठी तीन सदस्यांची स्थानिक खरेदी समिती सांगितली आहे. ती बाजारात जाऊन दर आणि दर्जा पाहते, पुरवठादार ठरवते आणि ऑर्डर देण्याआधी सदस्य मिळून प्रमाणपत्र देतात. अशा वेळी समितीलाच स्वतंत्र पट्टा द्यायचा, म्हणजे चौकोन रेघेवर राहत नाही.

दुसरी चूक तिरप्या चौकोनांत होते. ‘संचालकांची मंजुरी’ असं लिहून त्यातून एकच बाण काढला जातो, हो म्हटल्याचा. नाही म्हटलं तर फाईल कुठे जाते? संचालकांनी ‘आणखी एक कोटेशन घ्या’ असा शेरा मारला, तर ती परचेसकडे जाते की उत्पादनाकडे? नकार कळवण्याची जबाबदारी कोणाची? कित्येक ठिकाणी नाकारलेला इंडेंट परचेसच्या फाईलमध्ये लागतो आणि फोरमन महिनाभर पंपाची वाट पाहत राहतो. प्रत्येक तिरप्या चौकोनातून निदान दोन बाण निघालेच पाहिजेत, आणि दोन्ही बाण कुठे ना कुठे पोचले पाहिजेत. चित्र तपासणाऱ्याने एवढं जरी पाहिलं, तरी निम्म्या चुका सापडतात.

तिसरी गोष्ट चित्रात न आलेल्या वाटेची. रात्रपाळीत पंप फुटला, तर मेंटेनन्सचा माणूस फोनवर तोंडी परवानगी घेतो, ओळखीच्या दुकानातून पंप आणतो आणि इंडेंट, कोटेशन, पीओ हे सगळे कागद नंतर, मागच्या तारखेने तयार होतात. हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. पण ही वाट खरी असेल, तर तीही काढावी: सुरुवातीलाच ‘तातडीची खरेदी?’ असा तिरपा चौकोन, तोंडी परवानगी कोण देऊ शकतं, किती रुपयांपर्यंत, आणि कागद किती तासांत पूर्ण व्हायला हवेत. वाट काढून दिली नाही, तर मागच्या तारखांचे कागद निघतच राहतात.

चित्राला मर्यादाही आहेत. एका खरेदीचा प्रवास त्यात दिसतो, दहा खरेद्या शेजारी ठेवून दिसणारी गोष्ट दिसत नाही. ५०,००० रुपयांची मर्यादा चुकवायला ८५,००० रुपयांची खरेदी ४५,००० आणि ४०,०००च्या दोन पीओंत तोडली, तर दोन्ही फाईली चित्रातल्या वाटेनेच जातात. ते पकडायला एकाच पुरवठादाराच्या लागोपाठच्या पीओंची यादी काढावी लागते. जबाबदाऱ्या वेगळ्या ठेवल्या आहेत की नाहीत, हे मात्र चित्रात लगेच कळतं. मागणी करणं, पुरवठादार निवडणं आणि मंजुरी देणं हे तिन्ही चौकोन एकाच पट्ट्यात दिसले, तर दुसरा कोणी न पाहता पैसे बाहेर जाऊ शकतात. ऑडिटर चित्र हातात घेतल्यावर बहुधा तेच आधी शोधतो.

चित्र पुरं झालं, असं वाटल्यावर एक दुसरीच फाईल घ्यायची, शक्यतो नाकारली गेलेली, आणि तिच्यावर बोट ठेवून चित्रातून चालत जायचं. बोट जिथे अडेल, तिथे चित्र चुकलं आहे. प्रत्येक बाणावर त्यासोबत कोणता कागद जातो, हेही लिहिलेलं हवं: इंडेंट, कोटेशन, तक्ता, मंजुरीचा शेरा. ज्या बाणावर लिहायला काहीच सापडत नाही, तिथे काम बहुधा फोनवर होत असतं, आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही.

भोसरीच्या त्या कारखान्यात ब्राउन पेपरसमोर पाच विभागांची माणसं दुपारी बसली, तर दोन बदल त्याच दिवशी करता येतात. इंडेंटच्या फॉर्मवर ‘बजेट कोड’ आणि ‘अंदाजे किंमत’ असे दोन रकाने वाढतात. पंपाचा प्रवाह किती लिटर, दाब किती बार आणि शाफ्ट कुठल्या मापाचा, हेही फोरमन तिथेच लिहितो. मग परचेसला तक्ता उत्पादनाकडे पाठवावा लागतो तो कोटेशन वेगळ्या मापाचं आलं तरच. संचालकांच्या पट्ट्यातले तीन दिवस मात्र कागदावर लाल गोलात तसेच राहतात. मंजुरीची ५०,००० रुपयांची मर्यादा वाढवायची का, हे त्या खोलीत बसलेल्या कोणालाच ठरवता येत नाही. परचेस मॅनेजर ब्राउन पेपरची गुंडाळी करतो आणि ती घेऊन संचालकांच्या केबिनकडे निघतो.